अनुभव धागा: कॉलेजसाठी स्पॉन्सर मागायला कधी फिरलात का?

मोहिनी_जळगाव
माळा आवरताना जुनी स्पायरलची फाइल सापडली आणि सराफ बाजारातली ती दुपार आठवली. आमच्या नाट्यमंडळाचा खर्च 1 लाख 20 हजार. स्पॉन्सरांसाठी पॅकेजं केली: गोल्ड 40 हजारांचं एकच, सिल्व्हर 15 हजारांची तीन, ब्रॉन्झ 5 हजारांची सात. बेरीज चोख, म्हणून आम्ही खूश. लॅपटॉपवर चौदा स्लाइडा. पेढीवरचे सराफ काका गिऱ्हाईक सांभाळत बघत होते. सिल्व्हरचं पान आलं तसे म्हणाले, "बेटा, आमच्या पेढीच्या नावापुढे चांदी लिहिशील?" त्याच रात्री नावं बदलली: मुख्य, सह, शुभेच्छुक. काकांनी 'सह' घेतलं, तेवढ्याच पैशात.

भुसावळचा_पोऱ्या
😂😂 चौदा स्लाइडा काउंटरवर! आम्हाला तर चहा पाजून वाटेला लावलं.

बियाणेवाले_भाऊ
मी धुळ्यात दुकानात बसतो, हिवाळ्यात दर आठवड्याला पोरं येतात. स्लाइडा बघायला वेळ नसतो, एक कागद द्या. त्यात 'भरपूर प्रसिद्धी' लिहिलं असेल तर मी तो परत देतो. '20 बाय 10 च्या बॅकड्रॉपवर डावीकडे 4 बाय 2, दोन दिवस, सूत्रसंचालक चार वेळा नाव घेईल' असं लिहा, मग बोलू. प्रेक्षकांत आजूबाजूच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं किती, तेही सांगा. माझं गिऱ्हाईक तेच. आणि कार्यक्रमानंतर बॅनरचा फोटो पाठवा. गेल्या साली एकानेही पाठवला नाही.

चोपडेकर_ताई
फोटो तरी कशाला! आम्ही लोगो व्हॉट्सॅपवरून घेतला, फ्लेक्सवर तो धुक्यातला एसटी स्टँड दिसत होता. फ्लेक्सवाला म्हणाला लोगोच्या मूळ डिझाइनची सीडीआर फाइल आणा. दुकानदाराला सीडीआर माहीत नाही. शेवटी त्यांचा बोर्ड रंगवणाऱ्याकडे मिळाली.

सीए_होणार
त्यांना 80जी सांगा ना, करात सूट मिळते, लगेच देतील.

बियाणेवाले_भाऊ
नाही रे भो. बॅनरवर नाव लावून घेतलं म्हणजे ती देणगी नाही, जाहिरात झाली. आम्ही ती जाहिरात खर्चात टाकतो, म्हणून कॉलेजच्या नावाची पावती आणि चेक लागतो. 10 हजारांवर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत.

सीए_होणार
हो, पण संस्थेची 80जी नोंदणी असेल तर?

बियाणेवाले_भाऊ
तर नुसती देणगी द्यायची, नाव मागायचं नाही. तसं कोण देतं?

रावेर_केळी
आमच्या गणेश मंडळाला पण स्पॉन्सर हवाय, कोणी आहे का? बदल्यात केळीचे वेफर्स 🙏

मोहिनी_जळगाव
दादा, हा धागा कॉलेजचा आहे 😄 वेफर्स पाठवा मात्र.

नंदुरबार_नीता
एकाच बॅनरवर दोन सराफ लावता येतात का? आमच्या पहिल्याने दुसऱ्याचं नाव बघून 15 हजार परत मागितले.

चोपडेकर_ताई
कागदावर 'एका धंद्यातला एकच' असं लिहिलेलं होतं का?

नंदुरबार_नीता
नव्हतं ना. सर म्हणाले देऊन टाका, पोरं म्हणतात बॅनर तर लागलाच होता. अजून भांडतायत.

भुसावळचा_पोऱ्या
भरीत पार्टीला बोलवा दोघांना, मिटेल.