वेंगुर्ल्यातलं काजू युनिट: जास्तीत जास्त किती द्यावेत?

शिरोड्याचो
चालू काजू प्रक्रिया युनिट विकायला आहे. मालक 30 लाख मागतोय, कच्चा माल वेगळा. नफा वर्षाला 9 लाख दाखवतो. तो आणि त्याची बायको दोघं रोज राबतात. मे महिन्यात 20 टन काजू बी 120 च्या भावाने घेतात, सगळं स्वतःच्या पैशाने. पुढच्या कमाईची आजची किंमत काढून आकडा ठरवायचाय.

बँकवाला
कर्ज 11 टक्क्यांनी मिळेल. 9 लाखांना त्याने भागलं की 80 लाखांच्या वर जातं. 30 म्हणजे फुकट! घेऊन टाका.

तारकर्लीकर
आमच्या होमस्टेचं असंच झालं. मे आणि दिवाळी जोरात, पावसाळ्यात शुकशुकाट. वर्षभराचा हिशेब बघा.

हिशेबी
बँकवाल्यांची रीत बरोबर, पण 9 लाख हे हातात राहणारे पैसे नाहीत. तुम्ही स्वतः बसणार नसाल तर त्या दोघांच्या जागी माणसं ठेवावी लागतील, 4 लाख गेले. बॉयलर-ड्रायर कधीतरी बदलायचेच, त्याचे वर्षाला 60 हजार. कर धरा 40 हजार. राहिले 4 लाख.

आता 20 टन म्हणजे 24 लाख मे मध्येच अडकतात आणि वर्षभरात हळूहळू सुटतात. सरासरी 12 लाख धरा. ते सीसीवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर उचलले तर 11 टक्क्यांनी सव्वा-दीड लाख व्याज. उरले 2.7 लाख.

बँकेकडे तारण असतं, म्हणून तिला 11 पुरतात. बीचा भाव फिरला की मार तुम्हाला बसतो. मी 20 टक्के धरतो. दरवर्षी तेवढेच पैसे कायम येत राहतील असं मानलं तर 2.7 भागिले 0.20, म्हणजे साडेतेरा लाख. त्यावर एक रुपया नाही.

आणि 9 लाखच खरे का तेही बघा. 100 किलो बीतून साधारण 25 किलो गर निघतो. म्हणजे 20 टनांतून 5 टन. विक्रीची बिलं तेवढ्याची आहेत का? गर कमी भरत असेल तर एकतर बी हलकी किंवा विक्री वहीबाहेर. वहीबाहेरच्या विक्रीला किंमत देऊ नका.

शिरोड्याचो
बिलं मागतो. शेड मात्र त्याच्या चुलतभावाची, करार 7 वर्षं उरलाय.

हिशेबी
मग 'कायम' धरता येणार नाही. 7 वर्षांचेच पैसे आजच्या किमतीत आणले तर जेमतेम पावणेदहा लाख, अधिक शेवटी मशिनरी विकून जे येईल ते. आधी करार वाढवून घ्या.

बँकवाला
20 टक्के जरा जास्तच होतात. 15 धरा, करार वाढला तर 18 लाख येतात.

हिशेबी
धरा की. तरी 30 कुठे आले?

आजगावकार
रे, शेड बघून ये आधी. पावसात गळता.