प्रतिसाद: आवर्तकाल कुठून कुठपर्यंत मोजावा

«कोल्हापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत जनरेटरवर ५ किलोहर्ट्झ लावले. सिग्नल ५० मायक्रोसेकंद वर आणि १५० खाली दिसतो. मग ५० चा व्यस्त घेतल्यावर २० किलोहर्ट्झ का येतात?»

५० मायक्रोसेकंद हा केवळ सिग्नल वर असण्याचा काळ आहे; आवर्तकाल मात्र एका चढत्या कडेपासून पुढच्या चढत्या कडेपर्यंत मोजायचा असतो, त्यामुळे खाली असण्याचे १५० मायक्रोसेकंदही त्यात धरून तो २०० होतो.

f = 1/T = 1/(200 × 10⁻⁶) = 5000 Hz

म्हणजे जनरेटरवरचेच ५ किलोहर्ट्झ. ड्यूटी सायकल ५०/२००, अर्थात २५ टक्के. ती ५० टक्के केलीत, तर वर असण्याचा काळ १०० मायक्रोसेकंद होईल, पण चढत्या कडांमधले अंतर न बदलल्याने वारंवारता तीच राहील. हे जनरेटरवर अवश्य करून पाहावे.