हॉटेल किचनसाठी अर्ज: मसुदा बघून सांगाल का?

प्रेषक: नीलेश

सर्वांना नमस्कार,

इथल्या एका हॉटेलात हॉट किचनमध्ये डेमी शेफची जागा निघाली आहे. जाहिरातीत तीन गोष्टी ठळक आहेत: नाश्ता, रेस्टॉरंट आणि बँक्वेट तिन्हींचा अनुभव, अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण, आणि फिरत्या शिफ्टची तयारी. माझा फूड प्रॉडक्शनचा कोर्स झालाय. त्यानंतर एका मोठ्या हॉटेलात आधी कॉमी आणि मग डेमी शेफ म्हणून काम केलं. इथे काम करण्याची परवानगी आहे. अर्जाचा मुख्य मजकूर असा लिहिलाय:

"मी प्रशिक्षित व अनुभवी कुक असून इंडियन, कॉन्टिनेंटल, चायनीज, इटालियन अशा सर्व प्रकारचे पदार्थ उत्तम बनवू शकतो. माझ्याकडे फूड सेफ्टीचं प्रमाणपत्र आहे. मी मेहनती असून कोणत्याही शिफ्टमध्ये काम करण्याची माझी तयारी आहे."

दोन ठिकाणी असाच अर्ज पाठवला होता, उत्तर आलं नाही. काय कमी पडतंय?

प्रेषक: सुनंदा

नीलेश, बरं झालं तू लिहिलंस. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला दीडशे माणसांचं जेवण आहे आणि आम्ही स्वयंपाक करणारं माणूस शोधतोच आहोत. मेन्यू पाठवू का? भांडी आणि मदतीला चार जण आहेत.

प्रेषक: मेधा

सुनंदाताई, तो हॉटेलात नोकरीसाठी अर्ज करतोय.

नीलेश, मी भरतीचं काम करते, हॉटेलांसाठी नाही पण पद्धत सारखीच. जाहिरातीतले शब्द अर्जात जसेच्या तसे आले पाहिजेत, कारण पहिली चाळणी एचआरची असते आणि त्यांना स्वयंपाकातलं कळत नसतं. तुझ्या मजकुरात "बँक्वेट" हा शब्दच नाही. "कोणत्याही शिफ्टला तयार" हे मात्र बदलू नकोस. मालकांना तेच हवं असतं.

प्रेषक: प्रकाश

नीलेश, मी बरीच वर्षं हॉटेलांत काढली, शेवटी सू शेफ म्हणून. असे अर्ज माझ्या टेबलावर ढिगाने यायचे.

मेधाचं चाळणीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण चाळणीनंतर अर्ज शेफच्या हातात येतो, आणि तो उभ्याउभ्या वाचतो. त्याला एकच गोष्ट हवी असते: या माणसाला सोमवारी कुठल्या सेक्शनला उभं करू, आणि शेजारी कोणी नसलं तर सर्व्हिस निघेल का? "सर्व प्रकारचे पदार्थ" यातून त्याला काहीच कळत नाही. उलट स्वयंपाकाच्या चार प्रकारांची नावं एका ओळीत दिसली की हा कुठल्याच सेक्शनला फार टिकलेला नाही असं वाटतं.

म्हणून आधी मला सांग. कुठल्या सेक्शनला एकट्याने उभा राहिलास? एका सर्व्हिसला किती कव्हर्स? बँक्वेटला नेमकं काय करायचास? प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं, कधीचं, आणि तिथे तापमानाच्या नोंदी कोण ठेवायचं? आणि पहाटे साडेपाचला हॉटेलवर कसा पोचणार?

प्रेषक: नीलेश

प्रकाशकाका, खूप आभार.

कॉमी असताना नाश्त्याला होतो, शेवटी अंड्यांचा लाइव्ह काउंटर एकट्याकडे होता. डेमी झाल्यावर ग्रिल आणि सॉस. शनिवारी 120 च्या आसपास कव्हर्स व्हायचे, ग्रिल मी एकटा सांभाळायचो आणि सॉसला शेफ द पार्टी असायचे. रोजचा स्टॉक आणि त्यातून निघणारे सॉस माझ्याकडे. बँक्वेट 300 पर्यंत, तिथे मी मांस-मासे पोर्शन करून कॉम्बी ओव्हनला लावायचो. प्लेटिंग वेगळी टीम करायची.

प्रमाणपत्र भारतातलं आहे, तीन वर्षांपूर्वीचं. आमच्या सेक्शनच्या फ्रिजच्या आणि शिजवल्यानंतरच्या तापमानाच्या नोंदी मीच ठेवायचो. पहाटेची बस नाही, पण सायकलने वीस मिनिटं. फक्त मंगळवारी संध्याकाळी इथल्या भाषेचा वर्ग असतो, तो सोडायचा नाहीये.

प्रेषक: प्रकाश

यातलं एक अक्षर तुझ्या अर्जात नव्हतं! आता हे बघ. मराठीत लिहितोय, तू तिथल्या भाषेत कर.

"मागच्या हॉटेलात मी डेमी शेफ म्हणून ग्रिल एकट्याने सांभाळत होतो, शनिवारी सुमारे 120 कव्हर्स. रोजचा स्टॉक आणि त्यावर आधारलेले सॉस माझ्याकडे होते. त्याआधी नाश्त्याचा अंड्यांचा काउंटर एकट्याने चालवला. 300 पाहुण्यांपर्यंतच्या बँक्वेटसाठी पोर्शनिंग आणि कॉम्बी ओव्हनचं काम केलं. सेक्शनच्या तापमानाच्या नोंदी माझ्याकडे होत्या. अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण भारतात झालं असून इथला कोर्स या महिन्यात पूर्ण करत आहे. पहाटे 5.30 ची शिफ्ट, स्प्लिट शिफ्ट, शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे दिवस चालतील. सायकलने वीस मिनिटांवर राहतो, त्यामुळे बसवर अवलंबून नाही. मंगळवारी संध्याकाळी 5 नंतर उपलब्ध नाही."

प्लेटिंग तू केलेलं नाहीस, म्हणून ते मी घातलं नाही. तूही घालू नकोस. ट्रायलला पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

भारतातलं प्रमाणपत्र जरूर लिही, पण बहुतेक हॉटेलांना त्यांच्या देशातलं लागतं, कारण तपासणीला येणारा माणूस तेच बघायला मागतो. पायाभूत कोर्स सहसा एका दिवसाचा किंवा ऑनलाइन असतो. आज नाव नोंदव, म्हणजे "पूर्ण करत आहे" हे खरं ठरेल.

"कोणत्याही शिफ्टला तयार" बद्दल माझं मेधाशी जमत नाही. प्रत्येक अर्जात ते असतं, म्हणून कोणी त्यावर विश्वास ठेवत नाही. ड्यूटी चार्ट लावणाऱ्याची खरी अडचण असते ती पहाटेची शिफ्ट आणि स्प्लिट. दुपारी तीनला सुटून सहाला परत यायचं म्हटलं की लांब राहणारे महिन्याभरात सोडून जातात. वीस मिनिटांवर राहणारा, स्वतःच्या वाहनाने येणारा माणूस सापडला की शेफचा जीव भांड्यात पडतो.

रात्री उशिरा क्लोजिंग आणि लगेच पहाटे ओपनिंग मात्र अधूनमधूनच चालवून घे. युरोपीय संघाच्या नियमात दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग 11 तासांची विश्रांती धरलेली आहे. तू आहेस त्या देशात काय आहे ते मुलाखतीआधी वाचून ठेव.

एक गोष्ट तयार करून जा. तू स्टॉक लिहिलास म्हणजे हा प्रश्न येणारच: रात्री साडेनऊला वीस लिटर उकळता स्टॉक आहे, काय करशील? "गार झाला की फ्रिजमध्ये ठेवीन" असं म्हणालास तर मुलाखत तिथेच संपली. एवढं मोठं पातेलं ओट्यावर ठेवलं तर मधला भाग सकाळपर्यंत कोमट राहतो. उकळल्याने जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू तगतात आणि त्या कोमट तासांत वाढतात. तसंच गरम पातेलं वॉक-इन फ्रिजमध्ये ढकललंस तर शेजारचा मालही तापतो. बरोबर उत्तर असं: गाळून उथळ ट्रेमध्ये ओतायचा, ब्लास्ट चिलर असेल तर त्यात, नसेल तर ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहायचं. पहिल्या दोन तासांत 60 वरून 21 अंशांपर्यंत, पुढच्या चार तासांत 5 पर्यंत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या नियमांतले आकडे जवळपास हेच आहेत, काही ठिकाणी याहून कडक आहेत, तू आहेस तिथलेच पाठ कर. मग तारीख-वेळेचं लेबल आणि नोंदवहीत तापमान. आणि प्रोब थर्मामीटर बर्फाच्या लगद्यात धरून 0 दाखवतो का हे आधी तपासतो, असंही सांग. ते सांगणारे उमेदवार मला फार थोडे भेटले.

प्रेषक: सुनंदा

माझी गल्लत झाली, नीलेश. पण प्रकाशराव, तुमचं वाचून मला काळजी वाटायला लागली. मी घरून डबे देते. मोठं पातेलं रात्री तसंच बाहेर राहतं आणि सकाळी मी सगळं खळखळून उकळते. भातसुद्धा उरला तर सकाळी वाफवून घेते. इतकी वर्षं कोणाला काही झालं नाही.

प्रेषक: प्रकाश

सुनंदाताई, उकळल्याने वाढलेले जिवाणू मरतात, हे खरं. पण भातात एक जिवाणू असतो, बॅसिलस सिरियस. तो रात्रभर वाढला की विष तयार करून ठेवतो आणि ते विष उकळूनही जात नाही. उलट्या होतात त्या त्याने. म्हणून सकाळची वाफ तिथे उपयोगाची नाही. भात परातीत पातळ पसरून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, आणि रात्रभर बाहेर राहिलेला टाकून द्या. बाकीचे पदार्थही उथळ भांड्यांत काढून, भांडी गार पाण्यात ठेवून निववा. घरून अन्न विकायला तिथे नोंदणी लागते का, तेही बघून घ्या.

प्रेषक: मेधा

शिफ्टचं पटलं, पहाट आणि सायकल लिहिणं माझ्या डोक्यात आलं नसतं. पण मंगळवारचं पहिल्याच अर्जात लिहू नये असं मला अजूनही वाटतं. एचआरला "उपलब्ध नाही" एवढंच दिसेल. मुलाखतीत माणूस आवडला की मंगळवारची तडजोड सहज होते.

प्रेषक: प्रकाश

मेधा, मी उलटं बघितलंय. शेफने मनात चार्ट मांडलेला असतो आणि शेवटी मंगळवार निघतो, मग आणखी काय लपवलंय असं त्याला वाटतं. पण मी एचआरच्या खुर्चीत कधी बसलो नाही. नीलेशने ठरवावं.

प्रेषक: नीलेश

मंगळवार मी अर्जात ठेवला, कारण तो वर्ग मला खरंच सोडायचा नाही. कोर्सला नाव नोंदवलं, परवा आहे. अर्ज काल गेला आणि आज शेफचाच फोन आला: शुक्रवारी ट्रायल, दुपारी दोन ते सहा. सुऱ्या स्वतःच्या आणायला सांगितल्यात. काका, ट्रायलचे पैसे विचारावेत का? आणि अजून काय न्यायचं?

प्रेषक: प्रकाश

चार तास, आणि सर्व्हिसच्या आधीचे, म्हणजे त्यांना तुझं मिझां प्लास बघायचंय. न घसरणारे बूट, स्वच्छ कोट, टोपी, प्रोब आणि मार्कर ने. पैसे मिळतात का हे आजच फोनवर साधेपणाने विचार. काही देशांत अशा कामाचे पैसे द्यावेच लागतात, आणि विचारल्याने कोणी रागावत नाही. पूर्ण शनिवारची सर्व्हिस फुकट मागितली असती तर मी नको म्हणालो असतो.

पोचल्यावर आधी हात धू, मग अ‍ॅलर्जनचा तक्ता कुठे आहे ते विचार, आणि कच्च्या चिकनचा बोर्ड कुठल्या रंगाचा ते विचारल्याशिवाय सुरी काढू नकोस. रंगांची पद्धत प्रत्येक किचनची थोडी वेगळी असते. सहाला निघताना तुझा ओटा पुसलेला आणि डब्यांवर लेबलं लागलेली असू देत, कोणी सांगितलं नाही तरी.