कंडरा आणि अस्थिबंध: ‘स्नायुबंध’ हा शब्द दोघांनाही चालेल का?

पानगळ
घोटा मुरगळलेल्या रुग्णांच्या हाती देण्याच्या एका माहितीपत्रकाचा मी अनुवाद करत आहे. त्यात अगदी साधे वाक्य आहे: मुरगळण्यात लिगामेंटला इजा होते, आणि ताण भरतो तेव्हा स्नायूला किंवा टेंडनला. मी लिगामेंटला ‘अस्थिबंध’ आणि टेंडनला ‘कंडरा’ असे शब्द योजले होते. संपादकांनी दोन्ही ठिकाणी ‘स्नायुबंध’ केले. त्यांचे म्हणणे असे की ‘कंडरा’ कोणाला कळत नाही आणि ‘अस्थिबंध’ वाचून हाडाला बांधलेली पट्टी डोळ्यांपुढे येते. आता वाक्याचे दोन्ही अर्धे एकच गोष्ट सांगतात आणि ते लिहिण्याचा हेतूच नाहीसा झाला आहे. ‘स्नायुबंध’ म्हणजे नेमके काय, आणि या दोहोंसाठी वाचकाला कळतील असे वेगवेगळे शब्द आहेत का?

जुनेपान
आपले दोन्ही शब्द योग्यच होते, पण मूळ गोंधळ ‘स्नायू’ या शब्दाचा आहे. संस्कृतात स्नायू म्हणजे मांस नव्हे. मांसाला ‘पेशी’ म्हणत. सुश्रुताने शरीरात 900 स्नायू सांगितले आहेत आणि त्यांचे कार्य समजावताना फळ्या बांधून केलेल्या नावेचा दाखला दिला आहे. अनेक बंधांनी घट्ट बांधलेली नाव जशी पाण्यात भार सोसते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सोसतो. हे वर्णन लिगामेंटचेच आहे. मराठीने हा शब्द मांसाला देऊन टाकला आणि बंगालीने तर मज्जातंतूला. म्हणून माझे मत असे की लिगामेंटला ‘स्नायू’च म्हणावे आणि मराठीतली चूक कुठूनतरी दुरुस्त करायला सुरुवात करावी.

दोरखंड
जुनेपान, आपला अभ्यास मला मान्य आहे, परंतु ‘आपल्या घोट्याचा स्नायू फाटला आहे’ असे वाचणारा रुग्ण पोटरी चोळत बसेल. शब्द कुठून आला यापेक्षा तो आज वाचणाऱ्याच्या मनात काय उभे करतो हे अशा पत्रकात महत्त्वाचे असते. डॉक्टर लिगामेंट म्हणतात, रुग्ण घरी जाऊन लिगामेंटच म्हणतो. तोच शब्द देवनागरीत लिहावा.

सायंतारा
या सर्वांना आमच्या घरी ‘शीर’ एवढा एकच शब्द होता. शीर चढली, शीर ताणली, शिरेवर शीर बसली. माझे आजोबा टाचेमागच्या जाड दोरीला ‘घोडशीर’ म्हणत. मग हाच जुना शब्द का घेऊ नये?
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. सात आठवड्यांपूर्वी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा डावा पाय आत वळला. तासाभरात घोटा सुजला आणि दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाजूने निळा-काळा डाग टाचेपर्यंत उतरला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले. ‘हाड मोडलेले नाही, केवळ मुरगळले आहे’ हे ऐकून मला हायसे वाटले होते. प्रत्यक्षात आजही संध्याकाळी घोटा फुगतो आणि खडबडीत जमिनीवर पाय दगा देईल असे वाटते. माझ्या भावाचे मनगटाचे हाड मोडले होते, ते सहा आठवड्यांत जुळले. ‘केवळ’ मुरगळलेल्या पायाला अधिक वेळ का लागावा?

दोरखंड
लिगामेंटला रक्तपुरवठाच नसतो, म्हणून ते भरून येत नाही. मला गुडघ्याच्या वेळी असेच सांगण्यात आले होते.

वळणवाट
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि घोटे-गुडघे हेच माझे रोजचे काम आहे. शब्दांपूर्वी वस्तूंविषयी लिहितो, कारण वस्तू हाताला लागली की शब्दही जवळ येतो.

खुर्चीवर बसून घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यामागे दोन बोटे ठेवा आणि पावलाची बाहेरची कड जोराने वर-बाहेर उचला. बोटांखाली एक दोरी ताठ होईल; ती कंडरा आहे. तिचे वरचे टोक पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत आहे आणि खालचे पावलाच्या हाडाला चिकटलेले आहे. स्नायू आखडला की ती ओढली जाते. आता बोटे त्याच उंचवट्याच्या पुढे, किंचित खाली आणा आणि पाऊल पुन्हा तसेच हलवा. तिथे दोरीसारखे काहीही उभे राहणार नाही. तरी त्याच जागी, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा एक चपटा पट्टा, बाहेरचे बारीक हाड आणि घोट्यातले हाड यांना बांधून ठेवतो. तो अस्थिबंध. त्याला कोणताही स्नायू ओढत नाही. पाऊल मर्यादेबाहेर वळू लागले तरच तो ताणला जातो. पाय आत वळला की बहुतेक वेळा सर्वांत आधी हाच फाटतो.

यातून दुखणे कशाचे हेही बरेचसे ओळखता येते. बोट दाबल्यावर उंचवट्याच्या पुढे-खाली दुखत असेल आणि पाऊल आत वळवले असता कळ येत असेल, तर संशय अस्थिबंधावर जातो. दुखणे उंचवट्याच्या मागे असेल आणि पाऊल बाहेर रेटताना कोणी हाताने अडवले की वाढत असेल, तर कंडरेकडे पाहावे लागते. आपल्या संपादकांनी दोहोंना एकच नाव दिले, तर रुग्णाला हा भेद सांगण्याची सोयच उरत नाही.

दोरखंड, रक्तपुरवठा नसतो हे खरे नाही. तो कमी असतो. सायंतारा यांच्या टाचेपर्यंत उतरलेला डाग बऱ्याच अंशी फाटलेल्या बंधातून आणि त्याच्या आवरणातून झिरपलेल्या रक्ताचाच होता. आपल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी असावी. गुडघ्याच्या आतल्या पुढच्या बंधाची फाटलेली टोके सांध्यातल्या द्रवात असतात. तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे दोन टोकांमध्ये पूलच बांधला जात नाही. घोट्याच्या बाहेरचा बंध सहसा भरतो, मात्र सावकाश.

सायंतारा, हाडाशी तुलना आपण केलीत ते फार उपयोगाचे आहे. हाडात रक्त भरपूर असते, आणि ते जुळताना पुन्हा हाडच तयार होते. अस्थिबंध मुख्यतः कोलॅजेनच्या समांतर धाग्यांचा असतो, त्यात पेशी तुरळक असतात आणि त्यांचे काम संथ चालते. पहिले काही दिवस सूज असते. नंतर साधारण सहा आठवड्यांपर्यंत फटीत नवे धागे भरतात, पण ते बारीक, कच्चे आणि वेड्यावाकड्या दिशांचे असतात. पुढे अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, त्यांच्या जागी जाड धागे येतात आणि ते ओढ पडते त्या दिशेने रांगेत लागतात. आपण आज या टप्प्याच्या आरंभी आहात. दुखणे कमी झाले असले तरी पट्टा अजून कच्चा आहे, आणि पूर्ण भरल्यावरही तो मूळ बंध नसतो, व्रण असतो.

पानगळ
‘ओढ पडते त्या दिशेने’ या शब्दांनी मी थांबलो. मग पाय पूर्ण स्थिर ठेवणे चुकीचे ठरते का? माझ्या पत्रकात लवकर चालायला लावण्याचा सल्ला आहे आणि मला तो अनुवादाचा घोटाळा वाटला होता.

वळणवाट
तो घोटाळा नाही. बहुतेक साध्या मुरगळण्यांत पट्टा किंवा आधार बांधून, सोसेल तितका भार लवकर देणे हेच योग्य मानले जाते. ओढच नसेल तर धाग्यांना दिशा मिळत नाही. मात्र त्याआधी हाडाची खात्री हवी. पडल्यानंतर आणि तपासणीच्या वेळी चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा दोन्ही उंचवट्यांच्या टोकांवर वा त्यांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत हाडच दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढतात. पावलाच्या मधल्या हाडांसाठीही अशाच खुणा आहेत. कॅनडातल्या ओटावा येथे 1992 मध्ये मांडलेले हे निकष आजही वापरात आहेत.

जुनेपान
आपल्या वर्णनामुळे मला माझे विधान सुधारावे लागत आहे. सुश्रुताने स्नायूंचे चार प्रकार केले आहेत आणि त्यांपैकी गोल असतात त्या सर्वांना कंडरा म्हणावे असे म्हटले आहे. कंडरा 16 आहेत. म्हणजे त्याच्या दृष्टीने कंडरा हाही स्नायूचाच प्रकार आहे. भेद आकारावर आहे. एक टोक मांसात आहे की हाडात, हा त्याचा निकष नव्हे. म्हणून ‘लिगामेंट म्हणजे स्नायू’ हे माझे समीकरण अर्धेच खरे आहे. तरीही ‘कंडरा’ सोडू नये असे मी आग्रहाने म्हणेन, कारण त्या शब्दात गोल दोरीचे चित्र आहे आणि वळणवाट यांनी आपल्या बोटांखाली तीच दोरी उभी केली.
‘घोडशीर’ मात्र माझ्या आठवणीत गुडघ्यामागच्या दोरीसाठी होता, टाचेमागच्या नव्हे.

सायंतारा
आजोबा टाचेलाच हात लावून सांगत, हे मला स्पष्ट आठवते.

दोरखंड
‘स्नायुबंध’ या शब्दाची फोड केली तर स्नायूला बांधणारा, म्हणजे टेंडन. ‘अस्थिबंध’ म्हणजे हाडाला हाड बांधणारा. इतके सरळ असेल तर मीही लिगामेंटचा हट्ट सोडतो. टोके पाहावीत आणि नाव द्यावे.

वळणवाट
टोके पाहून नाव देण्याचा नियम गुडघ्याच्या वाटीपाशी अडतो. मांडीच्या पुढच्या स्नायूची कंडरा खाली येते, वाटी तिच्यातच बसलेली असते आणि तीच दोरी पुढे नडगीच्या हाडाला लागते. वाटीही हाड, नडगीही हाड. म्हणून तो तुकडा टोकांवरून अस्थिबंध ठरतो. पण स्नायू आखडला की तो ओढला जातो, म्हणून कामावरून कंडरा ठरतो. इंग्रजीतही त्याला दोन्ही नावे आहेत आणि आम्हीही दोन्ही वापरतो.

पानगळ
माझे पुढचे पत्रक नेमके गुडघ्याचे आहे. घोट्यासाठी मी ‘अस्थिबंध’ आणि ‘कंडरा’ पुन्हा लिहून, पहिल्या उल्लेखाला ‘हाडांना बांधणारा पट्टा’ आणि ‘स्नायूची दोरी’ अशी जोड देऊन पाठवतो. संपादक ‘अस्थिबंध’ स्वीकारतील असे वाटते. ‘कंडरा’विषयी खात्री नाही. वाटीखालच्या तुकड्याला काय म्हणावे ते मला अजून ठरवता येत नाही.

सायंतारा
मी आज भिंतीजवळ एका पायावर, डोळे मिटून उभी राहून पाहिले. उजव्या पायावर तीस आकडे मोजले, डाव्यावर सहा. हा दोष बंधाचा समजावा की कंडरेचा?

वळणवाट
एवढ्यावरून फाटलेला बंध सैल राहिला आहे, असे म्हणता येणार नाही. अस्थिबंधात पाऊल किती वळले याची जाणीव देणारी चेतातंतूंची टोके असतात. बंध फाटला की तीही दुखावतात. त्यात सात आठवडे पाय जपून टाकल्यामुळे बाहेरच्या कंडरांना ओढणारे स्नायू वेळेवर आखडेनासे होतात. दगा देण्याची भावना पुष्कळदा तिथून येते. रोज काही मिनिटे, जवळ आधार ठेवून, आधी डोळे उघडे ठेवून त्याच पायावर उभे राहा. सहा आठवड्यांनीही पाय पुन्हा पुन्हा वळत असेल, तर बंध सैल राहिला आहे का, हे कोणाकडून तरी हाताने तपासून घ्या.