३८४चा हट्ट कशासाठी?

कोथरूडची_पोर: एमबीएचा प्रबंध आहे. विषय : पुण्यातले गृहप्रकल्प का रखडतात. प्रोजेक्ट मॅनेजरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गूगल फॉर्म फिरवला, ११२ उत्तरं आली. गाइड म्हणतात ३८४ हवीतच. अजून ग्रुप शोधू का?

पाटीलबुवा: शोधा की. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक धरली की सूत्रातून ३८४च येतात. व्हायव्हात पहिला प्रश्न हाच पडतो. गाइडशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

जुना_आकडेवाला: सूत्र बरोबर आहे बुवा, पण ते चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्याचं. ज्याला वाटलं त्यानं भरलेल्या फॉर्मला ते लागूच होत नाही. एकाच बाजूला कललेली उत्तरं ११२ची ३८४ केली, तरी कल तेवढाच राहतो. ताई, कोणत्या प्रकल्पाबद्दल उत्तर द्यायचं, हे फॉर्मवर काय लिहिलं होतं?

कोथरूडची_पोर: 'तुमच्या अनुभवातला कोणताही एक प्रकल्प.'

जुना_आकडेवाला: तिथंच गडबड झाली. आपला पडलेला प्रकल्प कोण सांगेल? प्रकल्प तुम्ही निवडा. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्प सापडतात, मुदतवाढही दिसते. पुण्याची यादी करून त्यातून ३०० प्रकल्प यदृच्छेनं काढा आणि त्यांच्याच मॅनेजरांना गाठा. १२० बोलले तरी चूक साधारण ९ टक्क्यांच्या आत येते. खरा फायदा पुढे आहे. जे बोलले नाहीत त्यांचीही मुदतवाढ तुम्हाला दिसते. समजा, ३००पैकी १५० प्रकल्पांना ती मिळाली आहे, पण उत्तर देणाऱ्या १२०मध्ये असे फक्त ४० आहेत. म्हणजे रखडलेले लोक गप्प बसलेत, हे तुम्ही आकड्यानिशी दाखवू शकता.

सायली_आयटी: एवढं कशाला? माझ्या प्रबंधात १५ जणांशी बोलले, नवीन काही येईना म्हणून थांबले. पासही झाले.

जुना_आकडेवाला: त्या मुलाखती होत्या. कारणं कोणती, हे त्यातून कळतं. किती प्रकल्पांत कोणतं, हे नाही.

साइटवरचा_सुन्या: काका, यादीत प्रकल्प आहे, मॅनेजर कुठाय? ऑफिसला फोन केला तर रिसेप्शनवालीच वाटेला लावते. तीस वर्षं साइटवर काढली, सर्व्हेवाल्यांना मीच हाकललंय. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे प्रकल्प रेरात नसतात. तेही रखडतात बरं.

जुना_आकडेवाला: छोट्यांचा मुद्दा मान्य. मग प्रबंधाच्या मथळ्यातच 'नोंदणीकृत' लिहायचं. फोनचं मात्र खरंय. ३०० झेपत नसतील तर १५० काढा, पण प्रत्येकाला तीनदा गाठा आणि चूक जास्त आहे, असं लिहा.

पाटीलबुवा: आणि गाइडनं सही केली नाही तर?

कोथरूडची_पोर: तेच. आधीचे ११२ पायलट म्हणून दाखवते, त्यांतून प्रश्न सुधारते. ३८४चं सोमवारी विचारते.