मिक्सरच्या स्पेक शीटवरून लिस्टिंगचे मुद्दे लिहितोय, दोन ठिकाणी अडलोय

नमस्कार मंडळी. जळगावात आमचं भांड्यांचं दुकान आहे, आता मिक्सर ऑनलाइन टाकतोय. सप्लायरच्या कागदावर एवढंच आहे: ७५० वॉट, ओव्हरलोड प्रोटेक्टर, ५ मिनिटं चालू / २ मिनिटं बंद, जार १.५ लिटर.

प्रत्येक ओळीला 'मग घरात काय फरक पडतो?' असं विचारत गेलो. ओव्हरलोडचं असं जमलं: "जार जास्त भरला तर मोटर जळण्याआधी मिक्सर स्वतःच थांबतो. थंड झाल्यावर तळाचं लाल बटण दाबा, पुन्हा सुरू." बटणाचं मुद्दाम लिहिलं, कारण दुकानातही लोक असाच थांबलेला मिक्सर 'बिघडला' म्हणून परत आणतात.

७५० वॉटसाठी नुसतं 'दमदार मोटर' लिहायला मन धजेना. म्हणून घरी काळ्या मसाल्याचं भाजलेलं खोबरं-कांदा दळून पाहिलं. पाणी न घालता बारीक झालं, तेच लिहिलं.

आता अडचण. जारमध्ये पाणी मोजलं तर काठोकाठ १.५ लिटर, पण कमालच्या खुणेपर्यंत १ लिटरच. मुद्द्यात कोणता आकडा द्यावा? १.५ लिहिला तर भरताना झाकणातून उडेल आणि शिव्या आम्हाला. फक्त १ लिहिला तर शेजारच्या लिस्टिंगपुढे जार लहान दिसतो.

दुसरं, ५ मिनिटं चालू / २ बंद ही तर मर्यादाच. ती फायद्यासारखी मांडावी, की मुद्द्यांतून काढून खाली वापराच्या सूचनेत टाकावी? लपवायची नाहीये. कुणी असं लिहिलं असेल तर तुमची ओळ जशीच्या तशी टाका ना भाऊ.