वेबवर चेहरा फिका दिसणं

«प्रिंटसाठीची जेपेग तशीच वेबवर टाकली की चेहरा फिका का दिसतो?»

फाइल अ‍ॅडोबी आरजीबी या एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगपटात असेल आणि साइटने रंग कसे वाचायचे हे सांगणारं प्रोफाइल काढून टाकलं, तर ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी समजून वाचतो आणि त्वचेतला लाल उतरतो. म्हणून एसआरजीबी नुसतं असाइन करू नका, त्याने फक्त लेबल बदलतं; कन्व्हर्ट करा, म्हणजे आकडेही बदलतात.

आता शार्पनिंगबद्दल. ६००० पिक्सेलची फाइल शार्प करून मग २०४८ वर आणली, तर तो परिणाम बराचसा विरतो. आधी आकार कमी करा, मग ०.३ ते ०.५ रेडियसने फक्त डोळे आणि केसांवर करा, गाल मास्कने झाका. पापण्यांभोवती पांढरी कड दिसली की जास्त झालं. प्रिंटला मात्र पडद्यावर किंचित जास्त वाटेल इतकं हवं, कारण शाई कागदात पसरते.